पार्श्वभूमी : सड्यावरचा रिकामा चौकोन

कोकणात घरोघरी पाहणी करायची म्हटली की गाडी अडते ती यादीपाशी. ग्रामपंचायतीत नमुना ८ ची कर आकारणीची वही असते, पण ती घरांची, राहणाऱ्यांची नव्हे. बारा महिने कुलूप असलेलं आणि फक्त गणपतीला उघडणारं चाकरमान्यांचं घर तिच्यात असतं. आंब्याच्या बागेत राखणीला राहिलेल्या नेपाळी जोडप्याची खोपी नसते. २०२१ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही, त्यामुळे तिकडून मिळणारे आकडेही २०११चेच. मग नकाशावर चौकोनांची जाळी टाकायची, चिठ्ठ्या काढून काही चौकोन निवडायचे आणि निवडलेल्या चौकोनातलं एकूण एक घर घ्यायचं, हा मार्ग उरतो. मार्ग सोपा आहे. वाद होतो तो एकाच ठिकाणी: निवडलेल्या चौकोनात घरच निघालं नाही, तर पुढे काय?

ही पद्धत मुळात घरांसाठी नव्हतीच. १९३०च्या दशकात बंगालमध्ये तागाखाली किती जमीन आहे हे काढायला नकाशावर चौकोन पाडले गेले. चौकोन केवढा घ्यायचा, लहान पुष्कळ की मोठे थोडके, याचा खर्चासकट हिशेब तेव्हाच मांडला गेला होता. शेतीत रिकाम्या चौकोनाचं कुणाला वाईट वाटत नसे. तिथे ताग नाही, म्हणजे शून्य. शून्य लिहायचं आणि पुढे जायचं. स्वातंत्र्यानंतरच्या देशव्यापी नमुना पाहण्यांनी कुटुंबांसाठी दुसरी वाट धरली. जनगणनेतल्या गावांच्या यादीतून गाव निवडायचं, गावात जाऊन आधी सगळ्या घरांची यादी करायची आणि मग त्यातून कुटुंबं निवडायची. ज्यांच्याकडे यादी करण्याइतके दिवस आणि माणसं आहेत, त्यांनी आजही तेच करावं.

दिवस नसलेल्यांसाठी १९७०च्या दशकाच्या अखेरीस लसीकरणाच्या पाहण्यांमधून एक स्वस्त तोडगा आला: ३० गावं, प्रत्येक गावात ७ मुलं. गावाच्या मध्यावर बाटली फिरवायची, तोंड जिकडे वळेल तिकडे चालत सुटायचं. देशावरच्या पांढरीत हे निदान समजण्यासारखं आहे. कोकणात गावाचा मध्य कुठला? दहा वाड्या, मध्ये दोन व्हाळ, एक वाडी खाडीपलीकडे. बाटली देवळासमोर फिरते आणि देवळाजवळच्या वाडीचीच घरं पाहणीत येत राहतात.

चौकोनांची जाळी इथे उशिरा आली, त्याला एक कारण नकाशाचं आहे. किनाऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटरच्या पट्ट्याचे तपशीलवार सरकारी नकाशे बराच काळ निर्बंधित होते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात समुद्र ते सह्याद्री हे अंतरच त्याहून कमी, म्हणजे तळकोकणाचा एकही तुकडा सुटत नव्हता. २००५च्या नकाशा धोरणानं नागरी वापरासाठी वेगळी मालिका काढली, २०२१च्या मार्गदर्शक सूचनांनी आणखी मोकळीक दिली. त्याआधी मे २००० मध्ये जीपीएसच्या नागरी संकेतातली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली गेली. तोपर्यंत यंत्र शंभरेक मीटरनं चुकायचं, आणि २५० मीटरच्या चौकोनात शंभर मीटरची चूक म्हणजे आपण कुठल्या चौकोनात उभे आहोत याचीच खात्री नाही. कागदी नकाशाचंही तसंच. १:५०,००० च्या नकाशावर २५० मीटर म्हणजे जेमतेम ५ मिलिमीटर. अर्ध्या मिलिमीटरची पेन्सिलची रेघ जमिनीवर २५ मीटर रुंद होते. त्या रेघेत एक अख्खं घर अंगणासकट बसतं.

रेघेवरच्या घराचा नियम आधीच ठरवावा लागतो. तुळशीवृंदावन ज्या चौकोनात, घर त्या चौकोनात, असं कुणी सुचवतं. ऐकायला गोड आहे, पण मोहल्ल्यात आणि ख्रिस्ती वाडीत काय करणार? त्यापेक्षा मुख्य दाराचा उंबरठा धरावा, तो सगळ्यांना असतो. नियम नसेल तर प्रगणक रेघेवरचं घर 'असू दे, आलोच आहोत तर' म्हणून आत ओढतो आणि आकडा फुगतो. चौकोन लहान तितकी ही फूग जास्त. २५० मीटरच्या चौकोनाला दर हेक्टरी १६० मीटर कड येते, एक किलोमीटरच्या चौकोनाला ४० मीटर.

आता मूळ वादाकडे. समजा किनाऱ्यावरचं एक गाव आहे, क्षेत्र ६ चौरस किलोमीटर. २५० मीटरचे चौकोन पाडले तर ९६ होतात. खाली बंदर आणि माडांची आगरं, मध्ये उतारावर वाड्या, वर कातळाचा सडा. उपग्रहाच्या चित्रात ४० चौकोनांत छपरं दिसतात, ५६ चौकोनांत दिसत नाहीत. चिठ्ठ्या काढून १२ चौकोन निवडले, म्हणजे प्रत्येक चौकोनाला आठात एक संधी. बारांपैकी पाचांत राहती घरं निघाली: ६, ११, ३, १४ आणि ८, एकूण ४२. उरलेले सात रिकामे. संधी आठात एक, म्हणून ४२ ला ८ नं गुणायचं. गावात अंदाजे ३३६ राहती घरं. सात शून्यं या हिशेबात कामाला आलेली आहेत. ती नसती तर ८ नं गुणण्याचा हक्कच उरला नसता.

पण पाहणीचा खर्च देणाऱ्याला ४२ घरं कमी वाटतात. सात दिवस सड्यावर फिरून हाती काय, तर करवंदीच्या जाळ्या. म्हणून कुठल्याशा सूचनापत्रात एक ओळ शिरते: 'निवडलेला चौकोन रिकामा असल्यास लगतचा वस्तीचा चौकोन घ्यावा.' ओळ निरुपद्रवी दिसते, आणि अशी ओळ लिहिणाऱ्याला बहुधा आपण काही बिघडवलं असं वाटतही नाही.

बिघडतं ते असं. सड्याच्या कडेला एक चौकोन आहे, त्यात आठ घरांचा धनगरवाडा. त्याच्या तीन बाजूंना रिकामा कातळ, आणि त्या तिन्ही चौकोनांना लगतची वस्ती म्हणजे हाच. आता तो चार वाटांनी निवडला जाऊ शकतो: स्वतःच्या चिठ्ठीनं किंवा तिघांपैकी कुणाच्याही चिठ्ठीनं. ९६ मधून १२ काढताना या चौघांपैकी निदान एक येण्याची शक्यता ४२ टक्क्यांच्या आसपास जाते. वाडीच्या ऐन मध्यातल्या, चहूबाजूंनी घरंच असलेल्या चौकोनाची साडेबारा टक्केच राहते. म्हणजे कडेच्या घराला तिपटीहून जास्त संधी. पाहणी पाण्याची असेल, तर सड्याच्या कडेची घरं, जिथे मार्चनंतर विहिरी तळाला जातात, ती नमुन्यात गर्दी करतात आणि अख्खं गाव आहे त्याहून तहानलेलं दिसतं. बंदरावरच्या शाळेबद्दल विचारत असाल, तर चूक उलट दिशेला.

अशी बदली झाली आहे हे नंतर ओळखता येतं. निवडलेल्या चौकोनांची मूळ यादी आणि प्रत्यक्ष भेटीच्या नोंदी शेजारी ठेवाव्यात. ९६ पैकी ५६ रिकामे असताना भेटीच्या बाराही चौकोनांत घरं सापडली असतील, तर नशीब नव्हे, बदली. अहवालात रिकाम्या चौकोनांचा आकडाच छापलेला नसेल, तरी तोच संशय धरावा.

बदलीच्या बाजूचे लोक म्हणतात की पैसे वाया घालवायचे नसतील तर दुसरं करणार काय. यात तथ्य आहे. पण वर्गवारी चिठ्ठ्या काढायच्या आधी करावी, नंतर नव्हे. चित्र पाहून दोन ढीग पाडायचे: छपरं दिसणारे ४० आणि न दिसणारे ५६. पहिल्यातून १० काढायचे, दुसऱ्यातून ४. पहिल्या ढिगातलं प्रत्येक घर ४ घरांचं प्रतिनिधित्व करतं, दुसऱ्यातलं १४ घरांचं. चालणं फारसं वाढत नाही आणि प्रत्येक घराची संधी किती होती हे कागदावर राहतं.

दुसरा ढीग सरळ सोडून द्यावा, असा एक सोयीचा सल्ला असतो. कोकणात तो घातक आहे, कारण इथे 'रिकामा' हा शब्दच भरवशाचा नाही. हापूसच्या दाट बागेतली खोपी चित्रात दिसत नाही, वर झाडाची छत्री असते. माडांखालचं कौलारू घरही अर्धं झाकलेलं. उलट, छपरं दिसतात म्हणून पहिल्या ढिगात गेलेल्या चौकोनात चारही घरांना कुलूप असू शकतं. तो चौकोन रिकामा नव्हे; चार बंद घरांचा चौकोन म्हणून त्याची नोंद करायची आणि राहती कुटुंबं शून्य लिहायची. दोन्हींना 'रिकामा' म्हटलं की अहवाल वाचणाऱ्याला कळतच नाही की तिथे माणूस राहत नाही की तिथे घरच नाही. शेजाऱ्याला विचारून 'कधी येतात?' हे लिहून घेतलं तर उत्तम. उत्तर बहुतेक वेळा गणपती आणि शिमगा हेच येतं, आणि ऐन त्या आठवड्यात पाहणीला गेलं तर गावाची संख्या भलतीच चढते.

आणि सड्यावर खरंच कुणी नसतं का? चित्रात चिरेखाण दिसते, काटकोनात कापलेला लाल खड्डा. नवख्या माणसाला तो घराचा पाया वाटतो, थोडा अनुभव असलेला 'खाण आहे, वस्ती नाही' म्हणून पुढे सरकतो. पण खाणीच्या काठाला, नापास चिरे कोरडेच रचून वर पत्रा किंवा निळी ताडपत्री टाकलेल्या खोल्या असतात. त्यांत चिरे काढणारी, बहुतेक कर्नाटकातून आलेली कुटुंबं राहतात, चूल बाहेर तीन दगडांची. दुसऱ्या ढिगातल्या चार चौकोनांपैकी एकात अशा तीन खोल्या निघाल्या, तर हिशेबात ती ४२ कुटुंबं होतात. इथेच या पद्धतीची अडचणही आहे. एका खाणीवर योगायोगानं चिठ्ठी पडली की ४२, नाही पडली की शून्य, मधलं काही नाही. बदलीवाले याच आकड्याकडे बोट दाखवतात आणि ते चूक नाहीत. उपाय एकच, खाण असलेले चौकोन ओळखून त्यांचा तिसरा ढीग करायचा आणि त्यांतले जवळजवळ सगळे पाहायचे. बंदराचंही तेच, तिथे एका चौकोनात दोन-अडीचशे घरं असू शकतात, म्हणून त्याला वेगळा ढीग आणि लहान चौकोन.

खाणी पावसाळ्यात बंद असतात. त्यामुळे तिसरा ढीग जानेवारीत पाडला आणि चालायला जुलै उजाडला, तर त्या खोल्यांवरचे पत्रेसुद्धा जागेवर नसतात.