लघुरूपविस्तार, कार्यालयीन अनुवादातील

इंग्रजी कार्यालयीन मजकूर मराठीत आणण्याआधी त्यातली लघुरूपे सोडवून घेणे आणि मग प्रत्येकाचे काय करायचे ते ठरवणे, ही अनुवादाची पहिली पायरी. बोलीत याला ‘फुल फॉर्म काढणे’ म्हणतात. पण फुल फॉर्म काढला म्हणजे तो मराठीत लिहायलाच हवा, असे नाही. कधी लघुरूप उलगडून लिहितात, कधी जसेच्या तसे ठेवतात, तर कधी दोन्ही सोडून लोकांच्या तोंडी असलेला तिसराच शब्द घेतात. अडचण एएसएपी किंवा एफवायआयसारख्या प्रसिद्ध लघुरूपांची फारशी नसते. ज्यांचे दोन-तीन अर्थ एकाच टेबलावर फिरत असतात, ती फसवतात. ठाण्यातल्या कुठल्याही जुन्या गृहनिर्माण संस्थेच्या कपाटात त्याचा नमुना सापडतो.

घोडबंदर रस्त्यावरच्या एखाद्या संस्थेचे डीम्ड कन्व्हेयन्सचे, म्हणजे बिल्डरने करून न दिलेली जमिनीची मालकी संस्थेच्या नावे करून घेण्याचे काम चालू आहे, असे धरू. संस्थेने नेमलेला सल्लागार सचिवांना मेल पाठवतो आणि सचिव तो सूचनाफलकासाठी मराठीत करून मागतात. मेल साधारण असा असतो:

```
To: Secretary   cc: All members
FYI & NA pls.
DC papers: CC recd, OC awaited.
NA order copy reqd ASAP, latest by EOD Fri.
7/12: NA
PFA draft resolution.
```

सहा ओळींत एनए तीनदा आले आहे आणि तिन्ही ठिकाणी अर्थ वेगळा आहे. पहिले एनए म्हणजे आवश्यक कार्यवाही. एफवायआयला जोडून आलेले एनए आपल्याकडच्या कार्यालयांत बहुधा याच अर्थाचे असते. सरकारी पत्रांच्या शेवटी ‘माहितीसाठी व आवश्यक त्या कार्यवाहीसाठी’ असे छापलेले असते, त्याचीच ही इंग्रजी सावली. दुसरे एनए महसूल खात्याचे, म्हणजे बिगरशेती. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये याला ‘अकृषिक’ हा शब्द आहे, लोक ‘एनए प्लॉट’ म्हणतात, आणि शेतजमिनीवर इमारत उभी राहिली असेल तर हा आदेश कन्व्हेयन्सच्या कागदपत्रांत मागितला जातो. तिसरे एनए सातबाऱ्यापुढे आहे आणि तिथे खरा पेच पडतो. सातबारा ‘लागू नाही’ की ‘उपलब्ध नाही’? की जमीन एनए झाली आहे, एवढेच सल्लागाराला सांगायचे आहे?

नुसते वाक्य वाचून हा पेच सुटत नाही, जागेची माहिती लागते. नगर भूमापन झालेल्या भागात जमिनीची नोंद मालमत्ता पत्रकावर, म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर असते. संस्थेच्या फायलीत मालमत्ता पत्रक असेल, तर ‘लागू नाही’ हा अर्थ बसतो. ते नसेल आणि सगळे उतारे सर्व्हे नंबरवरच असतील, तर सल्लागाराला सातबारा मिळालेला नाही, आणि तो आणण्यासाठी कुणीतरी तलाठी कार्यालयात किंवा ऑनलाइन खटपट केली पाहिजे. एका अर्थाने काम संपले आहे, दुसऱ्या अर्थाने ते सुरूच झालेले नाही. अशा वेळी फोन करून विचारावे. दोन मिनिटांचा फोन टाळून केलेला अंदाज फलकावर गेला, की पुढच्या सर्वसाधारण सभेत त्यावर तासभर जातो.

सीसीही या मेलमध्ये दोनदा आहे. वरची सीसी टंकलेखन यंत्राच्या काळातली कार्बन कॉपी; पत्राच्या तळाशी ‘प्रत:’ लिहून खाली नावे देतो, ती. आतली सीसी बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राची. तिच्या शेजारची ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र. पण हाच मेल आवक-जावक टेबलावरून आला असता, तर ओसी म्हणजे ऑफिस कॉपी, आपली स्थळप्रत, हाही अर्थ संभवला असता. म्हणून विस्तार करताना लघुरूप एकटे पाहत नाहीत, त्याचे शेजारी पाहतात. सीसी, ओसी आणि एनए ऑर्डर ही त्रयी एकत्र दिसली की विषय जमिनीचा आणि बांधकामाचा आहे, हे नक्की होते. त्याच कारणाने या ओळीच्या सुरुवातीची डीसी ही कारखान्याची डिलिव्हरी चलन नसून डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे मानीव अभिहस्तांतरण, हेही कळते.

विस्तार करताना आणखी एक गोष्ट उघडी पडते. एफवायआय आणि एनए कुणासाठी आहे, हे लघुरूप सांगत नाही, ते मेलच्या माथ्यावरच्या पत्त्यांत दडलेले असते. ज्याला मेल थेट पाठवला त्याने कार्यवाही करायची, ज्यांना प्रत गेली त्यांनी वाचायचे. सूचनाफलकाला असा माथा नसतो. ‘माहितीसाठी व आवश्यक कार्यवाहीसाठी’ एवढेच वर लिहिले, तर सभासदांना वाटते की एनए ऑर्डर आपल्यालाच आणायची आहे. म्हणून मराठीत कर्ता बाहेर काढून लिहावा लागतो.

एफवायआयला ‘माहितीसाठी’ हा शासकीय शब्द चालतो. खासगी पत्रात मात्र ‘कळावे’ अधिक शोभते. मराठी पत्रलेखनाला लघुरूपे नवी नाहीत, ‘सा. न. वि. वि.’ने सुरुवात करून ‘ता. क.’वर संपणारी पत्रे लिहिणाऱ्या पिढीला एफवायआयचे कौतुक वाटायचे कारण नव्हते.

एएसएपी हे लघुरूप १९५०च्या दशकात अमेरिकी सैन्याच्या बोलीतून आले. त्याचे पूर्ण शब्द ‘शक्य तितक्या लवकर’ असे मवाळ आहेत, पण ऑफिसात त्याचा सूर ‘आत्ताच्या आत्ता’ असा झाला आहे. ‘तात्काळ’ लिहिले तर मूळ शब्दांपेक्षा कडक होते, आणि शासकीय फायलींवर ‘तात्काळ’ व ‘अतितात्काळ’ या ठरलेल्या पायऱ्या असल्याने वाचणाऱ्याच्या मनात भलतीच निकड उभी राहते. वरिष्ठाला लिहिलेल्या मजकुरात तर ते उद्धटपणाचे वाटते. वरच्या मेलमध्ये सुटका सोपी आहे, कारण पुढे मुदत दिलेलीच आहे. तारीख-वेळ स्पष्ट असेल, तर एएसएपी गाळले तरी काही हरवत नाही.

मुदतीतले ईओडी मात्र तसेच सोडता येत नाही. ‘दिवसअखेर’ हा शब्द बरोबर आहे, पण कुणाचा दिवस? सल्लागाराचे कार्यालय संध्याकाळी बंद होते, तर संस्थेचे कार्यालय कित्येक ठिकाणी संध्याकाळीच उघडते. ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये हा घोळ आणखी मोठा असतो. न्यूयॉर्कच्या ग्राहकाचा शुक्रवार संध्याकाळी ५ वाजता संपतो, तेव्हा आपल्याकडे शनिवारची पहाट झालेली असते, उन्हाळ्यात २.३० आणि हिवाळ्यात ३.३०. तेव्हा ईओडीचा अनुवाद शब्दाने करू नये. पाठवणाऱ्याला विचारून घड्याळातली वेळ लिहावी.

पीएफएची गोष्ट थोडक्यात. त्याचा शब्दशः अनुवाद ‘कृपया जोडलेले शोधा’ असा होतो आणि तसा केलेलाही दिसतो. मराठीत कुणी काही शोधत नाही. आपण कागद ‘सोबत जोडला आहे’ एवढेच म्हणतो.

हे सगळे सोडवल्यावर, सातबाऱ्याचे फोनवर विचारून घेतल्यावर, फलकावरची सूचना अशी होते:

‘सर्व सभासदांच्या माहितीसाठी: डीम्ड कन्व्हेयन्सच्या कागदपत्रांपैकी बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र (सीसी) मिळाले आहे. भोगवटा प्रमाणपत्र (ओसी) अजून यायचे आहे. बिगरशेती आदेशाची (एनए ऑर्डर) प्रत सचिवांनी शुक्रवारी संध्याकाळी ६ वाजेपर्यंत सल्लागारांकडे द्यायची आहे. आपल्या जागेची नोंद मालमत्ता पत्रकावर असल्याने सातबारा लागत नाही. ठरावाचा मसुदा सोबत जोडला आहे.’

एफवायआय, एएसएपी, ईओडी, पीएफए या सूचनेतून पूर्ण गेले. सीसी, ओसी आणि एनए कंसात राहिले. पहिली चार ही इंग्रजी पत्राची शिष्टाचाराची भाषा आहे. मराठीला त्या जागी स्वतःचे शब्द आहेत. दुसरी तीन ही कागदांची नावे आहेत. कागदावर ‘भोगवटा प्रमाणपत्र’ छापलेले असते, पण महापालिकेच्या खिडकीवर, एजंटाकडे आणि बँकेच्या गृहकर्ज विभागात सगळे ओसीच म्हणतात. सभासदाला दोन्ही शब्द लागतात, म्हणून पहिल्यांदा दोन्ही द्यायचे आणि पुढे एकच चालवायचा. डीम्ड कन्व्हेयन्सचे ‘मानीव अभिहस्तांतरण’ मात्र अर्जाच्या मथळ्यावरच शोभते. फलकावर लिहिले, तर वाचणारा शेजाऱ्याला विचारतो, म्हणजे काय हो?

काही लघुरूपे उलगडली की निरुपयोगी होतात. हार्बर मार्गावरच्या सीबीडी बेलापूरला ‘मध्यवर्ती व्यापारी क्षेत्र बेलापूर’ म्हटले, तर रिक्षावाला नेणार नाही. महाप्याच्या कामगाराला एमआयडीसी ठाऊक असते. याउलट वीजबिलाच्या मेलमधले एमएसईडीसीएल ना उलगडायचे, ना ठेवायचे. त्याला ‘महावितरण’ हे नाव आहे. नवी मुंबई महानगरपालिकेचे एनएमएमसी छापील बातमीत ‘नमुंमपा’ होते, पण तिच्या बसला एनएमएमटीच म्हणतात. ओटीपी, केवायसी, आयएफएससी यांचा फुल फॉर्म बहुतेकांना सांगता येत नाही आणि गरजही पडत नाही. फॉर्मवर किंवा पडद्यावर जे टंकायचे आहे ते तिथे दिसते त्याच लिपीत, `IFSC` असे द्यावे, म्हणजे रकाना शोधत बसावे लागत नाही.

लघुरूप ठेवले की ते मराठी व्याकरणात शिरते, आणि त्याला लिंग लागते. ‘ओसी मिळाली’ असे स्त्रीलिंगी बोलतात, ‘भोगवटा प्रमाणपत्र मिळाले’ हे नपुंसकलिंगी आहे. संगणकावर शोधा-बदला करून सगळ्या ओसींच्या जागी पूर्ण नाव घातले, की ‘भोगवटा प्रमाणपत्र मिळाली’ आणि ‘भोगवटा प्रमाणपत्रची प्रत’ अशी वाक्ये तयार होतात. घाईत झालेला अनुवाद ओळखायची ही सर्वांत सोपी खूण आहे. म्हणूनच विस्तार अनुवादाच्या आधी, इंग्रजी मजकुरातच करून घेतात. मराठी तयार झाल्यावर नव्हे. तक्त्यांमध्येही हीच शिस्त लागते. तिथले निल म्हणजे ‘निरंक’, एनए म्हणजे ‘लागू नाही’, आणि हे दोन्ही एकच समजून सगळीकडे आडवी रेघ मारली, तर शून्य रक्कम आणि न लागणारी रक्कम यांतला फरक पुसला जातो.

एका ठिकाणी मात्र विस्तार करू नये. हाच मेल पुढे वादात पुरावा म्हणून जोडला गेला आणि त्याचा मराठी अनुवाद मागितला गेला, तर अनुवादकाने सातबाऱ्यापुढचे एनए सोडवायचे नसते. मेल लिहिणाऱ्याच्या मनात काय होते, हाच तिथे वादाचा मुद्दा असू शकतो. तिथे ‘७/१२: NA’ असेच ठेवून खाली तळटीप देतात की या लघुरूपाचे ‘लागू नाही’, ‘उपलब्ध नाही’ आणि ‘बिगरशेती’ असे अर्थ होऊ शकतात.