‘व्हेरी टायर्ड’ चालते, मग ‘व्हेरी इम्पॉसिबल’ का नाही?

“व्हेरी म्हणजे खूप, मग ते इंग्रजीतल्या कुठल्याही विशेषणाला लावले तर काय बिघडले?”

बिघडते ते असे, की ‘व्हेरी’ नुसता जोर देत नाही, तर मोजपट्टीवरची वरची खूण दाखवते. थकवा जिना चढल्यावर थोडा आणि गड चढल्यावर पुष्कळ असतो, म्हणून ‘टायर्ड’ला ते शोभते; ‘इम्पॉसिबल’ मात्र शक्यता शून्यावर आल्यावरच लागू होते आणि शून्याच्या खाली पट्टीच उरत नाही. गंमत म्हणजे ‘व्हेरी पॉसिबल’ चालते, कारण शक्यता कमी-जास्त असू शकते. ‘इम्पॉसिबल’ला पूर्णता सांगणारे ‘ॲब्सोल्यूटली’ किंवा टोकाच्या अलीकडे थांबणारे ‘ऑलमोस्ट’ लागते. आपणही ‘फार अशक्य’ न म्हणता ‘केवळ अशक्य’ किंवा ‘जवळजवळ अशक्य’ असेच म्हणतो. ‘एक्झॉस्टेड’ही सहसा ‘व्हेरी’ घेत नाही, कारण कमालीचा थकवा त्याच्या अर्थातच आहे.