फोटोतलं इंद्रधनुष्य कुठे काढायचं आणि किती फिकं ठेवायचं

पाऊस उघडल्यावर काढलेल्या फोटोत इंद्रधनुष्य घालणं तसं सोपं आहे. रंगीत कमान चिकटवली की झालं, असं वाटतं. पण बहुतेक वेळा ती कमान पाहताक्षणी खोटी वाटते, आणि त्यामागे दोनच कारणं असतात: ती चुकीच्या जागी असते, आणि ढगावर रंग फासावा तशी दिसते.

आधी जागेचं पाहू. इंद्रधनुष्य ही आकाशात टांगलेली वस्तू नाही. सूर्य पाठीशी असेल तर त्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला, आपल्याच डोक्याची सावली पडते त्या बिंदूभोवती, सुमारे 42 अंशांवरच्या थेंबांकडून लाल प्रकाश आपल्याकडे परततो. जांभळा परततो दीडेक अंश आतून. त्या बिंदूला आपण प्रतिसूर्य बिंदू म्हणू. सूर्य क्षितिजाच्या जितका वर, तितकाच हा बिंदू क्षितिजाच्या खाली. त्यामुळे कमानीचा माथा क्षितिजापासून 42 वजा सूर्याची उंची इतक्या अंशांवर येतो. सूर्य 42 अंशांच्या वर गेला की सपाट जमिनीवरून कमान दिसतच नाही. जुलैच्या मध्यात पुण्यात साधारण सकाळी सव्वानऊ ते दुपारी चार या वेळेत सूर्य त्याहून वर असतो. म्हणून भर दुपारच्या आखूड सावल्यांच्या फोटोत इंद्रधनुष्य घालूच नये. मावळत्या सूर्याशेजारी तर मुळीच नाही.

आता एक फोटो घेऊ. पुण्याजवळचं माळरान, जुलैचा मध्य, संध्याकाळचे पाच-चाळीस, सूर्य 20 अंशांवर. मोबाइल बरोबर सूर्याच्या विरुद्ध, म्हणजे पूर्वेपासून किंचित दक्षिणेकडे रोखलेला आणि सरळ धरलेला. फोटो 4000 बाय 3000 पिक्सेलचा, क्षितिज मधोमध. समोर विजेचे खांब आहेत, त्यांच्या सावल्या आपल्यापासून दूर पळताहेत आणि मागे काळा ढग आहे.

या सावल्याच सगळं सांगतात. खांबाच्या टोकापासून त्याच्याच सावलीच्या टोकापर्यंत रेघ ओढा आणि ती पुढे वाढवा. ही रेघ म्हणजे प्रत्यक्ष सूर्यकिरण. दुसऱ्या खांबाचीही अशीच रेघ काढा. दोन्ही जिथे मिळतील तोच प्रतिसूर्य बिंदू. यासाठी ना घड्याळ लागतं, ना सूर्याची उंची ठाऊक असावी लागते. आपल्या फोटोत हा बिंदू मधल्या उभ्या रेषेवर, क्षितिजाच्या सुमारे 1090 पिक्सेल खाली येतो. तो बाजूला सरकलेला निघाला तर कॅमेरा सूर्याच्या बरोबर विरुद्ध नव्हता, आणि मग कमानही तेवढी एका अंगाला गेली पाहिजे.

अंशांचे पिक्सेल करायला एक मापपट्टी लागते. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याचं नाभीय अंतर 35 मिमी फिल्मच्या हिशेबात 26 मिमी धरलं, तर 4:3 फोटोच्या रुंदीच्या पाऊणपट, म्हणजे इथे 3000, हा आकडा मिळतो. कॅमेरा सरळ असेल तर मधल्या उभ्या रेषेवर क्षितिजापासूनचं अंतर म्हणजे 3000 गुणिले त्या कोनाचा टॅन्जंट. माथा 22 अंशांवर, म्हणजे क्षितिजाच्या 1212 पिक्सेल वर, फोटोच्या वरच्या कडेपासून 288 पिक्सेलवर. फोटो आधीच कापलेला असेल तर हे गणित बिघडतं, म्हणून मूळ फोटोवरच काम करा आणि काटछाट शेवटी करा.

इथे जाणकारही फसतात. प्रतिसूर्य बिंदूवर कंपास टेकवून वर्तुळ काढलं तर ते चुकतं. डोळ्यांना कमान वर्तुळाचा तुकडा दिसते, पण सपाट फोटोत कडेकडचा भाग ताणला जातो आणि वर्तुळाचं लंबवर्तुळ होतं. आपल्या फोटोत ते 6086 पिक्सेल रुंद आणि 6854 उंच आहे, त्याचं केंद्र क्षितिजाच्या 2215 खाली. फरक कडांवर उघडा पडतो: खऱ्या कमानीचे पाय फोटोच्या डाव्या-उजव्या कडेला क्षितिजापासून सुमारे 370 पिक्सेल वरून बाहेर जातात, तर कंपासची कमान तिथे जवळजवळ जमिनीला टेकते. दोन्ही पाय जमिनीवर टेकलेले दाखवायचा मोह होतो, पण या कॅमेऱ्याच्या चौकटीत ते मावत नाहीत.

जिम्पसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे असं करता येतं. नव्या काळ्या चौकोनात 6086 पिक्सेल व्यासाचं रंगीत कडं काढा, भोवती शंभरेक पिक्सेल मोकळी कड ठेवा. कड्याची जाडी साधारण 90 पिक्सेल: बाहेर लाल, मग नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा आणि आत नावापुरता जांभळा. लालला जास्त जागा द्या. आतल्या बाजूला रंग एकमेकांत मिसळतात, म्हणून जांभळा ठळक पट्टा खोटा दिसतो. मग पूर्ण चौकोन फक्त उंचीत 1.126 पट ताणा, फोटोवर नव्या लेयरमध्ये ठेवा आणि लाल कडेचा माथा 288 पिक्सेलच्या खुणेवर बसवा.

पारदर्शकतेचं मर्म लेयरच्या मोडमध्ये आहे. इंद्रधनुष्य मागचं दृश्य झाकत नाही. थेंबांतून आलेला प्रकाश मागच्या प्रकाशात मिळवला जातो, एवढंच. म्हणून मोड Normal न ठेवता Screen निवडा. त्यात काळा नाहीसा होतो आणि रंग नुसते उजळ होतात. Opacity 30 ठेवली, तर जिथे ढगाचा लाल घटक 255 पैकी 90 आहे तिथे पूर्ण लाल पट्टा त्याला 140 पर्यंत नेतो. पांढुरक्या ढगावर 220 चा मात्र जेमतेम 230 होतो. गडद ढगावर झळकायचं आणि उजळ आकाशात विरायचं, हे खऱ्या इंद्रधनुष्याचं वागणं असं आपोआप मिळतं. Normal मध्ये तोच लाल पट्टा पांढऱ्या ढगालाही गुलाबी करून काळवंडवतो. चूक ओळखायची ती इथेच: कमानीखालचा ढग कुठेही आधीपेक्षा गडद झाला तर मोड चुकला.

कडा किती मऊ कराव्यात, याचंही उत्तर सूर्यच देतो. त्याची तबकडी अर्धा अंश रुंद आहे, म्हणून प्रत्येक रंग तेवढा फासला जातो. आपल्या फोटोत अर्धा अंश म्हणजे 26 पिक्सेल. तेव्हा Gaussian Blur 12-13 पिक्सेल पुरे. त्याहून कमी केल्यास पट्टे रिबिनीसारखे सुटे दिसतात.

कमानीच्या आतलं आकाश बाहेरच्यापेक्षा थोडं उजळ असतं, कारण थेंब 42 अंशांच्या आत बराच प्रकाश परत पाठवतात. कड्याच्या आतल्या भागात वेगळ्या लेयरवर पांढरा रंग Screen मोडमध्ये 4-5 टक्के भरला, की कमान एकदम हवेत बसल्यासारखी वाटते. दुसरी, फिकी कमान 51 अंशांच्या आसपास असते आणि तिचे रंग उलटे, लाल आत. जॉन एव्हरेट मिले यांनी 1856 च्या 'द ब्लाइंड गर्ल' चित्रात दोन्ही कमानींचे रंग आधी एकाच क्रमाने रंगवले होते. चूक दाखवून दिल्यावर त्यांनी ते दुरुस्त केले. आपल्या फोटोत तिचा माथा क्षितिजाच्या 1800 पिक्सेल वर, म्हणजे चौकटीबाहेर जातो. तेव्हा माथ्यावर ती काढू नका.

शेवटी मास्क. पाऊस जिथे पडतोय त्याच्या अलीकडचं काहीही कमानीखाली येऊ नये. जवळचे खांब, तारा आणि बाभळीच्या फांद्या यांवरून ती पूर्ण पुसा. लांबची टेकडी पावसाच्या पडद्यामागे असेल, तर तिच्यावर मात्र कमान राहू द्या, कारण थेंब टेकडीच्या अलीकडे आहेत. ढग फाटून निळं आकाश दिसतं आणि खाली पावसाच्या सरीही नाहीत, तिथे मऊ ब्रशने कमान विरळ करत न्या. एकसारखी अखंड कमान क्वचितच दिसते.