बाटली कुजायला 450 वर्षं? क्विझमधला हा प्रश्न आधी दुरुस्त करा

शाळांच्या पर्यावरण क्विझचे प्रश्नसंच बघितले की एक प्रश्न हमखास सापडतो, प्लॅस्टिकची बाटली कुजायला किती वर्षं लागतात, खाली चार पर्याय आणि त्यातलं 450 बरोबर. पाठोपाठ कॅरीबॅग 1000 वर्षं, काच दहा लाख वर्षं, वर्तमानपत्र सहा आठवडे. मुलं आकडे घोकून येतात, मार्क मिळवतात, विषय संपतो. माझं म्हणणं असं की हा प्रश्नच चुकीचा बांधलाय, आणि नीट बांधला तर त्यातून मुलांना खूप भारी केमिस्ट्री कळते.

आधी ते 450 घ्या. पाण्याची बाटली ज्या प्लॅस्टिकची असते ते पीईटी इंग्लंडमध्ये 1941 मध्ये तयार झालं आणि त्याच्या बाटलीचं अमेरिकन पेटंट 1973 चं आहे, म्हणजे जगातली सगळ्यात जुनी पीईटी बाटलीसुद्धा अजून साठीला पोचलेली नाही. मग 450 वर्षं कुणी मोजली? 2020 मध्ये अमेरिकेतल्या वुड्स होल या समुद्रविज्ञान संस्थेतल्या कॉलिन वॉर्ड आणि ख्रिस्तोफर रेडी यांनी असे तक्ते आणि पोस्टर गोळा करून आकड्यांचा उगम शोधला, तर बहुतेक आकड्यांच्या मागे धड वैज्ञानिक पुरावाच मिळेना. तक्त्यांचं आपसातही जुळत नाही, एका प्रसिद्ध तक्त्यात पिशवीला 10 ते 20 वर्षं दिलीत आणि दुसरीकडे 1000. उद्या एखाद्या हुशार पोरीनं क्विझमध्ये हरकत घेतली तर परीक्षक काय सांगणार?

आकडा एवढा का हलतो त्याचं कारण साधं आहे पण शाळेत कुणी सांगत नाही. वस्तू पृष्ठभागाकडून आत झिजत जाते. जिवाणू काय, ऊन काय, पाणी काय, सगळे बाहेरच्या थरावरच काम करतात. म्हणून एकच प्लॅस्टिक, एकच समुद्र, झिजण्याचा वेग पण तोच धरला तरी जाड वस्तू जास्त टिकते. 2020 मध्येच आलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात एचडीपीई या प्लॅस्टिकचा समुद्रातला सरासरी झिजण्याचा वेग घेऊन हिशोब केला, तर बाटली निम्मी व्हायला साधारण 58 वर्षं आली आणि त्याच प्लॅस्टिकचा जाड पाइप निम्मा व्हायला 1200! हेही अंदाजच आहेत, थोड्या काळाच्या मोजमापावरून पुढे ताणलेले, पण त्यातून एक गोष्ट पक्की कळते की "प्लॅस्टिक किती वर्षांत कुजतं" या प्रश्नाला जाडी आणि जागा सांगितल्याशिवाय उत्तरच नाही.

आता माझा आवडता भाग. जिवाणूला आणि बुरशीला तोंड नसतं, ते अन्न गिळू शकत नाहीत. ते एन्झाइम बाहेर सोडतात, एन्झाइम मोठ्या रेणूची साखळी बाहेरच तोडतं आणि मग छोटे तुकडे पेशीच्या आत घेतले जातात. म्हणजे सगळा खेळ साखळी तुटते का आणि कुठे तुटते यावर. कागद आणि सुती कापड म्हणजे सेल्युलोज, ग्लुकोजच्या रेणूंची लांबच लांब साखळी, आणि दर दोन ग्लुकोजच्या मधे ऑक्सिजनचा एक सांधा असतो, रेल्वेच्या दोन डब्यांमधल्या कपलिंगसारखा. हा सांधा पाण्याच्या मदतीनं सोडवणारी एन्झाइमं बुरशीकडे कोट्यवधी वर्षांपासून आहेत. पॉलिथिनच्या साखळीत असा सांधाच नाही, नुसता कार्बनला कार्बन, त्याला कार्बन, हजारो वेळा. एन्झाइमनं धरायचं कुठे? म्हणून पॉलिथिनवर आधी ऊन पडावं लागतं, अल्ट्राव्हायोलेट किरण आणि हवेतला ऑक्सिजन मिळून साखळीत ऑक्सिजन घुसवतात, ती ठिसूळ होऊन तुटते, आणि बरेच छोटे तुकडे झाल्यावर कुठे जिवाणूंना थोडा वाव मिळतो. हीच पिशवी मातीत खोल गाडली की ऊन बंद, मग काम जवळपास थांबतं. उकिरड्यावर उन्हात पडलेली कॅरीबॅग हातात घेतली की तिचा भुगा होतो ना, ते कुजणं नाही, ते तुकडे होणं आहे, आणि हे तुकडे म्हणजेच मायक्रोप्लॅस्टिक. क्विझमध्ये हा फरक विचारा की!

पीईटीमध्ये सांधे आहेत, एस्टर नावाचे, पण साखळ्या इतक्या दाटीनं रचलेल्या असतात की एन्झाइम आत शिरत नाही. 2016 मध्ये जपानमधल्या साकाई शहरात पीईटी खाणारा जिवाणू सापडल्याची बातमी आली आणि तेव्हापासून "प्लॅस्टिकचा प्रश्न सुटला" असे फॉरवर्ड फिरतायत. त्या जिवाणूनं 30 अंशाला पीईटीची पातळ, सैल रचनेची फिल्म सुमारे सहा आठवड्यांत संपवली हे खरं, पण बाजारातल्या बाटलीचं पीईटी जास्त घट्ट असतं आणि तिथे तो फार हळू चालतो. शोध मोठाच आहे, फक्त तो कचरा डेपोवर फवारायचं औषध नाही.

मग मोजतात कसं? इथे एक उदाहरण पूर्ण करून बघू, वहीपेन घ्या. हल्ली "कंपोस्टेबल" लिहिलेले पारदर्शक ग्लास मिळतात, ते पीएलएचे, मका किंवा उसापासून बनवलेले, दह्यात असतं त्याच लॅक्टिक आम्लाची साखळी. समजा ग्लास 10 ग्रॅमचा आहे. पीएलएच्या वजनात निम्मा कार्बन असतो, म्हणजे 5 ग्रॅम. 12 ग्रॅम कार्बन पूर्ण खाल्ला गेला की 44 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो, त्या हिशोबानं 5 ग्रॅमचा जास्तीत जास्त 18.3 ग्रॅम होईल. आता ग्लासचे तुकडे तयार कंपोस्टमध्ये मिसळून बंद भांड्यात 58 अंशाला ठेवतात, हवा सोडत राहतात आणि बाहेर येणारा कार्बन डायऑक्साइड मोजतात. शेजारी नुसत्या कंपोस्टचं भांडं असतं कारण कंपोस्टसुद्धा श्वास घेतं, तो वायू वजा करायचा. आणि एका भांड्यात सेल्युलोज असतं, तेच नीट कुजलं नाही तर कंपोस्टच बाद आहे असं समजून अख्खी टेस्ट रद्द. 180 दिवसांत आपल्या ग्लासमधून 90 टक्के, म्हणजे 16.5 ग्रॅम वायू आला तर पास. 100 टक्के का नाही मागत? कारण काही कार्बन जिवाणूंच्या स्वतःच्या शरीरात जातो. याशिवाय 12 आठवड्यांनी सगळं 2 मिलिमीटरच्या चाळणीतून चाळतात, वर दहाव्या हिश्शापेक्षा जास्त उरता कामा नये.

लक्षात घ्या, 58 अंश. पीएलए साधारण 55 ते 60 अंशाच्या खाली काचेसारखं कडक राहतं, पाण्याला सांध्यापर्यंत पोचायलाच वेळ लागतो. मोठ्या कंपोस्ट ढिगाच्या पोटात 55 ते 65 अंश तापमान आपोआप होतं, जिवाणूंच्याच उष्णतेनं, पण बाल्कनीतल्या छोट्या कुंडीत ती उष्णता बाहेर निघून जाते. म्हणून तोच ग्लास तिथे महिनोन् महिने जसाच्या तसा राहतो, आणि समुद्रात तर विचारूच नका. "बायोडिग्रेडेबल" छापलेल्या पण साध्या पॉलिथिनमध्ये धातूचे क्षार घालून बनवलेल्या पिशव्या ही तर अजून वेगळी भानगड, त्या लवकर भुगा होतात म्हणून पर्यावरणपूरक म्हणून विकल्या जायच्या, युरोपियन युनियननं 2021 पासून त्या बंद केल्या.

जागा किती महत्त्वाची याचा आणखी एक पुरावा. अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठाचे पुरातत्त्वज्ञ विल्यम रॅथजे यांनी 1980 च्या दशकात जुने कचरा डेपो खोदायला घेतले, तर आत कित्येक दशकांपूर्वीची वर्तमानपत्रं निघाली, वाचता येतील अशी. तक्त्यातले सहा आठवडे कुठे गेले? दाबलेल्या कोरड्या कचऱ्यात ऑक्सिजन नाही, ओल नाही, बुरशी जगणार कशी. नदीचंही तसंच आहे. निर्माल्य पवित्र, त्यावर पाय पडू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून पुलावरून टाकायचं, त्यात फुलं पिशवीतच सडतात आणि पिशवी राहते. पाय पडू नये एवढीच इच्छा असेल तर कुंडीत माती घालून त्यात जिरवा, झेंडूच्या पाकळ्या झकास कुजतात, फक्त हारातला नायलॉनचा दोरा आणि जरीच्या तारा आधी काढा.

कचऱ्याच्या प्रकारांवर थोडक्यात. 2016 च्या घनकचरा नियमांत ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग सांगितले होते, आणि प्रश्न काढणारे "ओला म्हणजे कुजणारा" असं समीकरण लावतात. ते अर्धवट आहे. वर्तमानपत्र कुजतं तरी सुक्यात जातं, कारण त्याचा पुन्हा कागद होतो. अंड्याचं कवच ओल्यात जातं, पण ते जवळपास सगळं कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूच्या जातीचं खनिज, ते जिवाणू खात नाहीत, आम्लात हळूहळू विरघळतं. "कोणती वस्तू ओल्या कचऱ्यात टाकतात पण ती जिवाणू खात नाहीत?" असा प्रश्न टाका, आकडे घोकणारे अडकतील आणि विचार करणारे सुटतील.

आणि तो रिसायकलचा त्रिकोण. बाणांचा मूळ त्रिकोण 1970 मध्ये गॅरी अँडरसन या कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यानं एका स्पर्धेसाठी काढला, कागदाच्या पुनर्वापरासाठी. 1988 मध्ये अमेरिकेच्या प्लॅस्टिक उद्योगाच्या संघटनेनं तसल्याच त्रिकोणात 1 ते 7 आकडे घातले, ते फक्त प्लॅस्टिकची जात सांगायला, 1 पीईटी, 2 एचडीपीई, 3 पीव्हीसी, 4 एलडीपीई, 5 पॉलिप्रॉपिलीन, 6 पॉलिस्टायरीन म्हणजे थर्माकोलवालं, आणि 7 म्हणजे बाकी सगळं. लोकांना वाटायला लागलं की त्रिकोण आहे म्हणजे रिसायकल होणारच, म्हणून 2013 मध्ये मानक बदलून बाणांऐवजी साधा भरीव त्रिकोण केला, पण जुने साचे अजून चालूच आहेत. भंगारवाल्याला विचारा, तो 1 आणि 2 आनंदानं घेतो, थर्माकोल घेत नाही, त्यात बहुतांश हवाच असते त्यामुळे टेम्पो भरतो पण वजन होत नाही. युरोपच्या वस्तूंवर दोन बाण एकमेकांत गुंतलेला हिरवा गोल असतो, त्याचा अर्थ कंपनीनं कचरा गोळा करायच्या व्यवस्थेला पैसे भरलेत, एवढाच. चाकांच्या डब्यावर फुली म्हणजे ही इलेक्ट्रॉनिक वस्तू साध्या कचऱ्यात टाकू नका.

शाळेला वेळ असेल तर क्विझच्या तीन महिने आधी नायलॉनच्या जाळीच्या छोट्या पिशव्या शिवा. एकात सुती कापड, एकात वर्तमानपत्र, एकात केळ्याची साल, एकात कॅरीबॅगची पट्टी, सगळं उन्हात पूर्ण वाळवून वजन लिहून ठेवा. निम्म्या पिशव्या झाडाखालच्या ओल्या मातीत वीतभर खाली पुरा, निम्म्या मैदानातल्या कोरड्या घट्ट जमिनीत. काढल्यावर माती ब्रशनं झटकून पुन्हा वाळवून वजन करा, नाहीतर चिकटलेल्या मातीमुळे कॅरीबॅगचं वजन वाढलेलं दिसेल आणि मुलं गोंधळतील. जाळीची भोकं मोठी असतील तर गांडुळं आत जातात आणि तुकडे बाहेर नेतात, बारीक असतील तर फक्त जिवाणू-बुरशीचं काम दिसतं, दोन्ही प्रकार ठेवले तर आणखी मजा. मग क्विझमध्ये हाच तक्ता पडद्यावर दाखवा आणि विचारा, दोन जागांच्या आकड्यांत फरक का पडला. कारण सांगणाऱ्या टीमला पाच मार्क, नुसता आकडा सांगणाऱ्या टीमला एक.