हा डबा, डब्यात पाहू

‘कावळ्याचं घर होतं शेणाचं, चिमणीचं घर होतं मेणाचं.’ मराठी घरांतली बहुतेक मुलं ही दोन वाक्यं अक्षरओळखीच्या कितीतरी आधी ऐकतात. दोन्ही वाक्यांची घडण एकच आहे. कावळ्याच्या जागी चिमणी येते, शेणाच्या जागी मेण येतं, बाकी सगळं जसंच्या तसं राहतं. शेण आणि मेण यांत फरक फक्त पहिल्या ध्वनीचा. पण पाऊस आल्यावर कोणाचं घर वाहून जाणार, हे त्या एका ध्वनीवर ठरतं, म्हणून मुलाला तो नीट ऐकावाच लागतो.

पुढे कावळा दार ठोठावतो आणि चिऊताई आतून सांगते, ‘थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते.’ मग ‘थांब, माझ्या बाळाला तीट लावते.’ मग ‘थांब, माझ्या बाळाला झोपवते.’ घरोघरी यातली कामं थोडी वेगळी असतात. ‘थांब, माझ्या बाळाला’ एवढं मात्र सगळीकडे पक्कं असतं, आणि बदल होतो तो शेवटच्या क्रियापदात. मोठ्यांना हे कंटाळवाणं वाटतं, मुलाला मात्र इथे मोठीच मदत मिळते. सलग बोलण्यात शब्दांमध्ये मोकळी जागा नसते, कानावर एक अखंड ओघ येत असतो. तोच ओघ दुसऱ्यांदा आला आणि त्यातला एकच तुकडा बदललेला असला, की तो तुकडा सुटा आहे हे कळतं.

लहान मुलांशी बोलताना आपण नकळत हेच करतो. ‘चेंडू दे. मला दे चेंडू. दे ना तो चेंडू.’ आयलिन क्युंताय आणि डॅन स्लोबिन या भाषाशास्त्रज्ञांनी 1996 मध्ये तुर्की आईच्या बोलण्यात ही लकब टिपली: हेतू एकच, वाक्यं लागोपाठ, आणि प्रत्येकात थोडासा फेरफार. तुर्की आणि मराठी या दोन्ही भाषांत शब्दांना प्रत्यय लागतात, त्यामुळे ते निरीक्षण मला आपल्या फार जवळचं वाटतं. गोष्टीतलं पालुपद हे याच लकबीचं बांधीव रूप आहे.

मग रोज नवी गोष्ट सांगावी की तीच ती? ससेक्स विद्यापीठात जेसिका हॉर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये हे तपासलं. तीन वर्षांच्या मुलांना आठवडाभरात चित्रगोष्टी वाचून दाखवल्या. गोष्टींमध्ये मुलांनी कधीच न पाहिलेल्या वस्तू होत्या आणि त्यांना बनवलेली नावं दिली होती, म्हणजे घरी ती आधी ऐकलेली असण्याचा प्रश्नच नव्हता. काही मुलांनी त्याच तीन गोष्टी पुन्हा पुन्हा ऐकल्या, काहींनी नऊ वेगवेगळ्या. नवी नावं दोन्हीकडे सारख्याच वेळा कानावर पडली. तरीही त्याच गोष्टी ऐकणाऱ्या मुलांना नावं जास्त चांगली लक्षात राहिली.

कारण समजायला सोपं आहे. पहिल्या वेळी मूल गोष्टीतच गुंतलेलं असतं: कोण आलं, कुठे गेलं, पुढे काय होणार. नव्या शब्दाकडे द्यायला लक्ष उरत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी कथानक माहितीचं होतं आणि ते लक्ष मोकळं होतं. म्हणूनच ‘तीच सांग’ हा मुलाचा हट्ट पुरवावा असं मला मनापासून वाटतं. प्रयोग लहान होता आणि वस्तूंच्या नावांपुरता होता, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. व्याकरणाची रूपं मुरण्यासाठी आणखी एक गोष्ट लागते. चौकट तीच ठेवून आतला शब्द बदलावा लागतो.

मराठी शिकणाऱ्या मुलाची खरी अडचण कुठे असते ते पाहू. ‘डबा’ शब्द येतो, ‘त’ हा प्रत्यय येतो, तरी तोंडून ‘डबात’ निघतं. प्रत्यय लागण्याआधी शब्द आपलं रूप बदलतो, याला आपण सामान्यरूप म्हणतो. डबा, डब्यात. खोका, खोक्यात. घरी मराठी बोलणारं मूल हे हजारो वेळा ऐकतं. मेळघाटातल्या कोरकू घरातून शाळेत आलेल्या मुलाला ती संधी मिळालेली नसते. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा आहे, मराठीच्या कुळाशी तिचा संबंध नाही. परदेशात वाढणाऱ्या आणि आठवड्यातून एकदा मराठी शाळेत जाणाऱ्या मुलाचीही अडचण तीच. दोघांनाही ‘आकारान्त पुल्लिंगी नामाचं सामान्यरूप या-कारान्त होतं’ असं सांगून काही उपयोग नाही.

त्यांच्यासाठी झोपतानाची एक गोष्ट अशी बांधता येईल.

मनीमाऊला झोप येईना. झोप कुठे गेली? मनीमाऊ निघाली शोधायला.

हा डबा. डब्यात पाहू.
डब्यात नाही, पुढे जाऊ.

हा पेला. पेल्यात पाहू.
पेल्यात नाही, पुढे जाऊ.

हा खोका. खोक्यात पाहू.
खोक्यात नाही, पुढे जाऊ.

हा कोपरा. कोपऱ्यात पाहू.
कोपऱ्यात नाही, पुढे जाऊ.

मनीमाऊ दमली. मऊ गोधडीवर बसली.

हा डोळा. डोळ्यात पाहू.
डोळ्यात झोप, इथेच राहू.

पाचही शब्द मुद्दाम एकाच घडणीचे निवडले आहेत. प्रत्येक कडव्यात शब्द आधी मूळ रूपात येतो आणि लगेच प्रत्ययासह. डबा आणि डब्यात यांच्यात एका श्वासाचंही अंतर नाही, कारण दोन्ही रूपं शेजारीशेजारी ऐकली तरच त्यांच्यातलं नातं कळतं. ‘डब्यात’ दोनदा येतं, एकदा शोधताना आणि एकदा न सापडल्यावर, म्हणजे पुनरावृत्तीला कथेतच कारण मिळतं. ‘कोपऱ्यात’ म्हणायला जड आहे, म्हणून ते चौथं. तोवर जीभ चालीवर आलेली असते. शेवटी ‘नाही’ची वाट पाहणाऱ्या मुलाला ‘झोप’ मिळते. पालुपद मोडतं ते एकदाच, आणि गोष्ट तिथेच संपते.

यमक इथे सजावटीपुरतं नाही. ‘पाहू’ ऐकलं की मूल ‘जाऊ’ची वाट पाहू लागतं. कर्स्टन रीड यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, काल्पनिक प्राण्यांची नावं यमकाच्या जागी आली तेव्हा लहान मुलांना ती अधिक चांगली लक्षात राहिली. वाचणाऱ्याने त्या शब्दाआधी क्षणभर थांबण्याचाही उपयोग होतो. थांबल्यामुळे मूल उत्तराचा अंदाज मनात बांधतं, आणि अंदाज बांधलेला शब्द नुसत्या ऐकलेल्या शब्दापेक्षा घट्ट बसतो.

आपल्या गोष्टीत मात्र थांबायची जागा विचार करून निवडावी लागते. ‘पुढे...’ म्हणून थांबलात तर मूल ‘जाऊ’ म्हणेल, पण ते चालीवर म्हणेल. शिकवायचं आहे ते ‘डब्यात’. तेव्हा दोन-तीन रात्री गोष्ट सरळ सांगावी, आणि मग ‘हा खोका...’ एवढंच म्हणून थांबावं. मोठ्यांना ही शांतता अवघड जाते, लगेच स्वतःच उत्तर सांगितलं जातं. मुलाला शब्द शोधायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. मनातल्या मनात पाच मोजावेत. ‘खोकात’ आलं तर दुरुस्तीचा धडा देऊ नये. ‘हो, खोक्यात पाहू’ असं योग्य रूप म्हणून पुढे जावं. चाल मोडली की मूल गोष्टीतून बाहेर येतं.

वेळ झोपेचीच का, यालाही आधार आहे. हॉर्स्ट आणि सोफी विल्यम्स यांनी 2014 मध्ये पाहिलं, की गोष्टी ऐकल्यावर दुपारची झोप घेतलेल्या तीन वर्षांच्या मुलांना नवे शब्द न झोपलेल्या मुलांपेक्षा चांगले आठवत होते, आणि हा फायदा सात दिवसांनंतरही दिसत होता. झोपेत मेंदू नुकत्याच मिळालेल्या आठवणी पुन्हा उजळतो आणि जुन्या ज्ञानाशी जोडतो. ऐकणं आणि झोपणं यांच्यामध्ये नवं काही घुसलं नाही, तर या कामात अडथळा कमी येतो. म्हणून ही गोष्ट सगळ्यात शेवटी यावी. तिच्यानंतर दुसरी गोष्ट नको आणि मोबाइलही नको.

आता मोठा धोका. मूल अख्खी गोष्ट घडाघडा म्हणून दाखवतं आणि घरचे खूश होतात. पण ‘डब्यात’ हा त्याच्यासाठी डब्याशी संबंध नसलेला, नुसता पाठ केलेला आवाज असू शकतो. हे ओळखायची रीत जीन बर्को या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ बाईंनी 1958 मध्ये दाखवली. मुलाला एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवायचं, त्याचं बनावट नाव सांगायचं, मग तसे दोन दाखवून अनेकवचन विचारायचं. शब्द कधीच ऐकलेला नसल्यामुळे पाठांतर कामाला येत नाही. बरोबर उत्तर आलं तर नियम मुलाच्या मनात आहे.

तीच युक्ती इथे चालते. एक विचित्र आकाराची पिशवीसारखी वस्तू कागदावर काढा आणि म्हणा, ‘हा टिंबा. ... पाहू.’ मूल ‘टिंब्यात पाहू’ म्हणालं तर रूप मुरलं आहे. ‘टिंबात’ म्हणालं तर अजून नाही; तीच गोष्ट आणखी काही रात्री चालू द्यावी. बावरून गप्प बसलं तर ‘हा वाडा’, ‘हा तवा’ असे खरे पण गोष्टीत नसलेले शब्द आधी देऊन पाहावेत.

रूप मुरल्याची आणखी एक खूण आहे, आणि ती चुकीच्या वेषात येते. मूल एक दिवस ‘दाद्याला बोलव’ म्हणतं. दादा, काका, मामा, राजा हे शब्द आकारान्त पुल्लिंगीच असले तरी प्रत्यय लागताना बदलत नाहीत: दादाला, मामाला, राजाला. ‘दाद्याला’ हे रूप मुलाने कोणाकडूनही ऐकलेलं नसतं, म्हणजे ते त्याने नियमानेच घडवलं. घाबरायचं कारण नाही. रोज कानावर पडणारं ‘दादाला’ हळूहळू त्याची जागा घेतं. पण याच कारणामुळे पहिल्या गोष्टीत ‘राजा’ आणू नये. पाच शब्दांत एक अपवाद घातला तर चौकटच डळमळते.

स्त्रीलिंगी आकारान्त शब्दही पहिल्या गोष्टीत नकोत. त्यांची चाल वेगळी: शाळा, शाळेत. जागा, जागेत. टिंब्याची परीक्षा पार पडली, की दुसऱ्या गोष्टीत मनीमाऊ आपला हरवलेला चेंडू शोधायला निघू शकते. ‘ही शाळा. शाळेत पाहू. शाळेत नाही, पुढे जाऊ.’ पालुपद जुनंच, म्हणून मुलाला नवं काय ते लगेच ऐकू येतं: ‘हा’च्या जागी ‘ही’ आली आणि ‘या’च्या जागी ‘ए’ आला. सुरुवातीला ‘शाळ्यात’ ऐकू येईल. तेव्हा ‘ही’वर किंचित जोर द्यावा, कारण पुढचं रूप कोणतं होणार हे त्या छोट्या शब्दानेच आधी सांगितलेलं असतं.