थँक्यूच्या मेसेजमध्ये ‘मी’ किती आणि ‘तुम्ही’ किती?

लीड्सला मावसभावाकडे अकरा रात्री राहून आई आणि मी ठाण्यात परत आलो, तीन दिवस झाले तरी दादा-वहिनीला मेसेज गेला नव्हता. वहिनी तिथलीच, यॉर्कशायरची, तिला मराठी वाचता येत नाही, म्हणजे अर्धा मेसेज इंग्लिश आणि अर्धा मराठी लिहायला हवा होता. आईचं म्हणणं वेगळंच, घरच्या माणसांना कसलं थँक्यू, उगाच परकं केल्यासारखं वाटेल त्यांना.

आईचं अगदीच चूक नाही. 2018 साली भाषाशास्त्रज्ञांच्या एका गटाने आठ भाषांमधली घरातली, शेजारपाजारची साधी बोलणी रेकॉर्ड करून तपासली. कुणी काही मागितलं आणि दुसऱ्याने दिलं, असे हजारावर प्रसंग होते, आणि त्यात तोंडाने आभार मानले गेले ते साधारण वीसात एकदा. इंग्लिशमध्येसुद्धा सातात एकदाच! म्हणजे ‘ते लोक उठता-बसता थँक्यू म्हणतात’ हा आपला समज निदान त्यांच्या घरात तरी खरा नाही. पण हे सगळं ‘जरा ते मीठ दे’ अशा कामांबद्दल आहे, जी करायचीच असतात हे दोघांनाही माहीत असतं. अकरा दिवस कुणाला घरात ठेवून घेणं हे मीठ देणं नव्हे.

मग मी लिहायला बसले. पहिला खर्डा असा होता: ‘वी हॅड अ वंडरफुल टाइम, आई एंजॉइड अ लॉट, घरच्यासारखं वाटलं, मस्त आराम झाला.’ वाचायला छान आहे, पण प्रत्येक वाक्यात मीच आहे, आम्हीच आहोत. मला काय मिळालं, माझा आराम कसा झाला.

आता माझ्या आवडीचा भाग. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या सारा अल्गो यांनी जोडप्यांना समोरासमोर बसवून एकमेकांचे आभार मानायला लावले, ते व्हिडिओवर घेतलं आणि मग बोलण्याचे दोन धागे वेगळे केले. एक, ‘मला काय फायदा झाला’. दुसरा, ‘तू हे केलंस, म्हणजे तू कसा माणूस आहेस’. दोन्ही आभारच आहेत, एकाच दमात दोन्ही बोलता येतात, म्हणून दोन्हींचं प्रमाण वेगवेगळं मोजलं. ऐकणाऱ्याला ‘ह्याला मी कळलो, माझी कदर आहे’ असं किती वाटलं ते त्यालाच विचारलं, तर त्याचा संबंध दुसऱ्या धाग्याशी निघाला, पहिल्याशी नाही. विचार केला की पटतं. माझा आराम कुठल्याही चांगल्या हॉटेलातही झाला असता, त्यात वहिनी कुठेच नाही. पण तिने नेमकं काय केलं हे मी सांगते तेव्हा तिला कळतं की ते कुणीतरी पाहिलं होतं.

हे प्रयोग अमेरिकन जोडप्यांवरचे आहेत, ठाण्याच्या मावसबहिणीवरचे नाहीत, हे लक्षात ठेवायला हवं. आणि पाण्याच्या बाटलीवर थँक्यू लिहिलं की त्याचे स्फटिक सुंदर होतात वगैरे जे फॉरवर्ड फिरतं त्याच्याशी तर ह्याचा काडीचा संबंध नाही, पाण्याला वाचता येत नाही, वहिनीला येतं.

तीन दिवस मी का थांबले, त्याचंही उत्तर सापडलं. 2018 मध्येच अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी लोकांना आभाराची पत्रं लिहायला लावली आणि वाचणाऱ्याला काय वाटेल ह्याचा अंदाज विचारला, मग खऱ्या वाचणाऱ्यांनाही विचारलं. लिहिणाऱ्यांना वाटलं होतं त्यापेक्षा समोरच्याला आश्चर्य जास्त वाटलं, आनंद जास्त झाला आणि अवघडलेपण कमी. लिहिणारा शब्द बरोबर जमतील का ह्याच्या काळजीत असतो, वाचणारा त्यातली माया बघतो. मी माझं इंग्लिश तीनदा तपासत बसले होते, ते ह्याचमुळे.

दुसरा खर्डा लिहिताना एकच केलं, प्रत्येक वाक्याचा कर्ता बघितला. इंग्लिश भाग असा झाला: ‘यू नेव्हर आस्क्ड आई टू ईट अ‍ॅट सिक्स. यू जस्ट केप्ट हर प्लेट वॉर्म टिल हाफ पास्ट एट, एव्हरी नाइट. शी हॅज टोल्ड द होल बिल्डिंग हाऊ थॉटफुल यू आर.’ मराठी भागात ह्याचं भाषांतर केलं नाही, कारण दादाने केलं ते वेगळं होतं: ‘दादा, पहाटे साडेतीनला उठून तू आम्हाला मँचेस्टर विमानतळावर सोडलंस आणि परत जाऊन थेट ऑफिसला गेलास, हे आम्हाला वहिनीकडून कळलं. लहानपणापासून असाच आहेस तू, करतोस आणि बोलत नाहीस. आता दोघं ठाण्याला या, गडकरीला नाटक बघू आणि मामलेदारची मिसळ खाऊ.’

‘यू आर द बेस्ट’ मुद्दाम टाळलं. कर्ता बरोबर आहे, पण ते कुणालाही पाठवता येतं.

वहिनीचा रिप्लाय दहा मिनिटांत आला. त्या ताटाचं कुणाच्या लक्षात आलं असेल असं तिला वाटलंच नव्हतं. दादाने नुसता अंगठा पाठवला, आणि रात्री आईला फोन करून पाऊण तास बोलला.