आधी तलाव, मग नाला

वाशी, नेरूळ, बेलापूरचा खाडीकडचा बराचसा भाग भरतीच्या पातळीच्या खाली आहे. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबई शहराची आखणी सुरू झाली, तेव्हा समोर दोन रस्ते होते. एक, डोंगर फोडून भराव घालायचा आणि सगळी जमीन वर उचलायची. दुसरा, जमीन खालीच ठेवून बांध घालायचे आणि पावसाचं पाणी काही तास साठवायला तलाव ठेवायचे. भरावाचा खर्च अफाट, म्हणून दुसरा रस्ता निवडला गेला. वाशीच्या मिनी सीशोअरवर आपण ज्याच्या काठाने फिरतो, तो असाच एक धारण तलाव.

तलावाच्या तोंडाशी झडपा असतात. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने त्या उघडतात आणि पाणी खाडीत जातं. भरतीला खाडीचं पाणी त्या बाहेरून दाबून बंद करतं. तेवढ्या वेळात शहरावर पडलेला पाऊस तलावात थांबतो.

शहराच्या नियोजनात ‘सद्यस्थितीचं विश्लेषण’ नावाचा पहिला टप्पा असतो. पुष्कळदा त्यात लोकसंख्या, शाळा, दवाखाने, रस्त्यांची लांबी यांचे तक्ते येतात आणि पुढचा आराखडा त्या तक्त्यांकडे ढुंकूनही बघत नाही. माझ्या मते या टप्प्याची कसोटी एकच: त्यामुळे कामांचा क्रम बदलला का?

समजा एका प्रभागात दर पावसाळ्यात पाणी तुंबतं. लोक नाला रुंद करा म्हणतात, नगरसेवकही तेच म्हणतात. पण पाणी नेमकं कधी तुंबतं ते आधी भरतीच्या वेळापत्रकाशी ताडून बघायला हवं. ओहोटीलाही तुंबत असेल, तर दोष बहुधा नाल्यात आहे. फक्त भरतीच्या वेळी तुंबत असेल, तर तलाव कमी पडतोय. आणि पाऊस नसताना उधाणाच्या भरतीलाच गटारातून पाणी वर येत असेल, तर झडप नीट बसत नाही. अशा वेळांच्या नोंदवहीला फारसा खर्च नाही, पण ती ठेवलेली क्वचितच दिसते.

आता आकडे मांडून बघू. सोयीचे आहेत, पण हिशोब खऱ्यासारखाच होतो. तलावाकडे उतरणारं क्षेत्र 100 हेक्टर, पाऊस तासाला 50 मिलिमीटर. डांबर-काँक्रीटमुळे त्यातलं 80 टक्के पाणी वाहून येतं, म्हणजे तासाला 4 कोटी लिटर. झडपा 3 तास बंद राहिल्या की 12 कोटी लिटर झाले. तलाव 10 हेक्टरचा आणि पाणी साठवण्याची खोली दीड मीटर असेल, तर 15 कोटी लिटर मावतात. काहीच अडचण नाही. पण तळाशी अर्धा मीटर गाळ बसला की मावतात 10 कोटी. उरलेले 2 कोटी लिटर 10 हेक्टर सखल भागात पसरले, तर रस्त्यावर 20 सेंटिमीटर पाणी. तक्रार येते ती इथून.

अशा वेळी नाला रुंद केला तर पाणी आणखी लवकर येऊन त्याच भरलेल्या तलावावर आदळेल. पैसे खर्च होतील आणि पाणी होतं तिथेच राहील. म्हणून प्राधान्यक्रम असा लागतो: झडपांची दुरुस्ती, तलावातला गाळ, मग नाला. झडप पहिली, कारण ती स्वस्त आहे आणि ती गळत असेल तर काढलेल्या गाळाची जागा खाडीचं पाणीच घेईल.

विकास आराखडा इथे थोडा तोकडा पडतो. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार तो निदान 20 वर्षांतून एकदा सुधारावा लागतो. त्यात कुठे निवासी, कुठे बाग, कुठे शाळेचं आरक्षण हे रंगांनी दाखवतात. जमिनीची उंची त्या रंगांत दिसत नाही. तलावाच्या वरच्या अंगाला एखादा मोकळा भूखंड निवासी झाला, की वरच्या हिशोबातले 80 टक्के वाढू लागतात. त्यामुळे असे भूखंड मोकळे ठेवण्याचं कारण आराखड्याच्या अहवालात पाण्याच्या भाषेत लिहिलेलं असावं. नाहीतर आरक्षण बदलताना ते कोणी आठवणार नाही. शिवाय नुसतं आरक्षण टाकून भागत नाही. जमीन खासगी असेल आणि 10 वर्षांत ती ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतरही ठरलेल्या मुदतीत पालिका हलली नाही, तर आरक्षण रद्द होतं.

गाळ काढणंही वाटतं तितकं सरळ नाही. तलावांत खारफुटी वाढली आहे, आणि 2018 च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर सार्वजनिक कामासाठी खारफुटीला हात लावायचा, तरी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. खारफुटी राखायला हवीच. प्रश्न आहे तो पाण्याला किती जागा उरते याचा. म्हणून गाळाचं काम यादीत दुसरं असलं, तरी त्याच्या परवानगीचा अर्ज सगळ्यात आधी जायला हवा, सोबत गाळाच्या थराची मोजणी जोडून. परवानगी येईपर्यंत झडपा दुरुस्त होतात आणि पावसाळ्यापुरते पंप बसवता येतात. नाल्याची निविदा तोवर थांबली तरी चालेल.